त्रैक्याचे दाखले कुठे तुटतात

‘देव एक आहे की तीन?’ हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो. त्याआधी ख्रिस्ती मुले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे घेऊन क्रुसाची खूण करत असतात आणि त्यात त्यांना काहीच अडचण दिसत नाही. दृढीकरणाच्या तयारीला लागलेले मूल मात्र एव्हाना बीजगणित शिकू लागलेले असते. त्याच्या बाकावर हिंदू आणि मुसलमान मित्र असतात आणि त्यांतला एखादा मधल्या सुट्टीत सरळ विचारतो, ‘तुमचे देव तीन कसे?’ वसईतले मराठी चर्च असो की अहिल्यानगरमधली रविवारची शाळा, शिक्षकाकडे एक तयार उत्तर असते: पाणी, बर्फ आणि वाफ. पदार्थ एक, रूपे तीन. मुलाला पटते आणि तास पुढे सरकतो.

पण हेच उत्तर ख्रिस्ती मंडळीने अठराशे वर्षांपूर्वी नाकारले आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये साबेलियस नावाचा शिक्षक असेच काही सांगत होता: देव एकच, तो कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. रोमचा बिशप कॅलिस्टस याने त्याला मंडळीबाहेर काढले. पाण्याचा दाखला देणाऱ्या आजच्या शिक्षकाच्या मनात साबेलियस नसतो. त्याला फक्त मुलाची अडचण दूर करायची असते. तरी मुलाच्या मनात जे चित्र उमटते ते साबेलियसचे असते, आणि ते दुरुस्त झाले नाही तर पुढे बायबल वाचताना त्याला पानोपानी ठेच लागते.

मग दाखले टाकूनच द्यावेत का? तसे करून चालणार नाही. चौदा वर्षांच्या मुलापुढे ‘तत्त्व’ आणि ‘व्यक्ती’ हे शब्द नुसते ठेवले तर ते पाठ करते आणि विसरते. दाखला द्यावा, तो जिथवर जातो तिथवर मुलांना न्यावे आणि जिथे तो तुटतो ती जागा त्यांना स्वतःला शोधू द्यावी, हा मार्ग जास्त फलदायी आहे. प्रत्येक दाखला ठरावीक ठिकाणी तुटतो. ते ठिकाण ओळखता आले की त्रैक्याची शिकवण नेमके काय म्हणते आणि काय म्हणत नाही, हे मुलाच्या हाती लागते.

त्यासाठी आधी मोजपट्टी हवी. ती सात साध्या वाक्यांची आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आत्मा म्हणजे पिता नव्हे. आणि सातवे: देव एकच आहे. तेराव्या शतकापासून युरोपातल्या हस्तलिखितांत याची आकृती सापडते. त्रिकोणी ढालीच्या तीन कोपऱ्यांत पिता, पुत्र आणि आत्मा, मध्यभागी देव. कोपऱ्यांकडून मध्याकडे जाणाऱ्या पट्ट्यांवर ‘आहे’ आणि कडेच्या पट्ट्यांवर ‘नाही’ असे लिहिलेले असते. ही आकृती फळ्यावर काढायला दोन मिनिटे लागतात. ती काहीही समजावून सांगत नाही. कोणती सात वाक्ये एकाच वेळी सांभाळायची आहेत, एवढेच ती दाखवते, आणि म्हणूनच ती कसोटी म्हणून उत्तम चालते.

या वाक्यांत गणिताची चूक आहे, असे हुशार मुले लगेच म्हणतात. एक अधिक एक अधिक एक तीन होतात, मग एक कसा? यावर काही शिक्षक ‘बेरीज करू नका, गुणाकार करा, एक गुणिले एक गुणिले एक बरोबर एक’ असे सांगतात. मुलांना ते आवडते. पण मागच्या बाकावरच्या एखाद्याने आणखी एकदा एकाने गुणले तरी उत्तर एकच येते. मग देवात चार व्यक्ती मानायला हरकत काय? आकड्यांच्या या चमत्कृतीत तीनला कुठेच आधार नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न वेगळे केलेले बरे: ‘काय आहे?’ आणि ‘कोण आहे?’ दगडाबद्दल ‘काय’ विचारता येते, ‘कोण’ विचारता येत नाही. माणसाच्या बाबतीत ‘काय’ला एक उत्तर असते आणि ‘कोण’लाही एकच. त्रैक्याची शिकवण सांगते की देवाबद्दल ‘काय’ विचारले तर उत्तर एक आणि ‘कोण’ विचारले तर उत्तरे तीन. म्हणजे एक देव आणि तीन देव असे ती म्हणत नाही. जे एक आहे आणि जे तीन आहेत, त्यांची मोजणी वेगवेगळ्या प्रश्नांखाली होते. यात गूढ उरते, पण बेरजेची चूक उरत नाही. मुलाला हा फरक सांगितलाच पाहिजे. ‘हे रहस्य आहे, विचारू नकोस’ हे वाक्य फार लवकर उच्चारले, तर मूल असे समजते की मोठ्यांनाही हे चुकीचे आहे हे ठाऊक आहे आणि ते लपवत आहेत.

दुसरी तयारी गोष्टीची. ही शिकवण कोणा तत्त्वज्ञाने अभ्यासिकेत बसून रचलेली नाही. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. देव एकच, हे त्यांच्या नित्याच्या प्रार्थनेतले वचन होते. तेच लोक येशूची उपासना करू लागले, आणि पवित्र आत्मा आपल्यात कार्य करतो असेही सांगू लागले. ‘त्रैक्य’ हा शब्द नव्या करारात नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुल्यनने इसवी सन 200च्या सुमारास त्यासाठी लॅटिन शब्द वापरला. शब्द नंतरचा, पण ज्यामुळे त्याची गरज पडली ते प्रसंग शुभवर्तमानातच आहेत. यार्देन नदीतला प्रसंग सगळ्यांत सोपा. येशू पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतो आणि स्वर्गातून पित्याची वाणी होते. वर्गात हा उतारा आधी वाचावा, दाखले नंतर द्यावेत. पुढे प्रत्येक दाखला या नदीकाठी आणून तपासता येतो.

आता पाणी. बर्फ, पाणी आणि वाफ यांत ‘देव एकच’ हे सातवे वाक्य टिकते, कारण तिन्ही ठिकाणी पदार्थ तोच आहे. पहिली तीन वाक्येही टिकतात, कारण बर्फ पूर्णपणे पाणीच असते आणि वाफही. पण मधली तीन ‘नव्हे’ची वाक्ये कोसळतात. जे पाणी बर्फ होते तेच वितळते आणि तेच उकळून वाफ होते. बर्फ आणि वाफ यांत फरक आहे तो अवस्थेचा, आणि एक अवस्था आली की दुसरी जाते. हे यार्देनकाठी आणून पाहा. येशू पाण्यात उभा असताना स्वर्गातून बोलले कोण? गेथशेमाने बागेत येशू पित्याची विनवणी करतो, ती तो स्वतःशीच करत होता का? क्रुसावर मेला तो पिताच होता का? साबेलियसच्या आधी रोममध्ये प्राक्सेयसच्या शिकवणीतून हेच निष्पन्न होत होते, आणि त्यावर तेर्तुल्यनने रागाने लिहिले की या माणसाने तर पित्यालाच क्रुसावर चढवले.

‘एकच माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा बाप आणि कोणाचा नवरा असतो’ हा दाखला याच ठिकाणी फुटतो. तिन्ही नाती एकाच माणसाची आहेत, आणि घरातला बाप स्वतःच्याच मुलाच्या भूमिकेत शिरून स्वतःला पत्र लिहीत नाही.

पाण्याच्या दाखल्यावर दहावीतल्या विज्ञानप्रेमी मुलाकडून एक देखणा प्रतिवाद येऊ शकतो, आणि तो आला तर शिक्षकाने आनंदाने वेळ द्यावा. पाण्याचा एक ‘त्रिक बिंदू’ असतो. तापमान 0.01 अंश सेल्सिअस आणि दाब सुमारे 611 पास्कल, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. बंद भांड्यात हे दोन्ही नेमके साधले की बर्फ, पाणी आणि वाफ एकाच वेळी, एकमेकांना न संपवता, शेजारी शेजारी नांदतात. ‘एकामागून एक’ ही अडचण इथे खरोखर मिटते. मग दाखला वाचला का?

वाचला नाही, तो दुसरीकडे तुटला. भांड्यात डोकावून पाहिले तर बर्फाचा तुकडा हा भांड्यातल्या पाण्याचा एक हिस्सा आहे, द्रव हा दुसरा आणि वाफ हा तिसरा. कोणत्याही क्षणी एखादा रेणू बर्फात असतो किंवा द्रवात किंवा वाफेत. म्हणजे सगळे पाणी बर्फात नाही आणि सगळे वाफेतही नाही. मधली तीन वाक्ये वाचवताना पहिली तीन हातची गेली: पिता आता पूर्ण देव राहिला नाही, देवाचा एक तृतीयांश झाला. एकच दाखला आधी एका बाजूने आणि दुरुस्त केल्यावर दुसऱ्या बाजूने कसा तुटतो, हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. फळ्यावर सात वाक्ये असतील तर मुले स्वतः येऊन कोणते वाक्य पडले त्यावर फुली मारतात.

तुकड्यांची ही चूक अंड्याच्या दाखल्यात तर उघडीच पडते. कवच, पांढरे आणि पिवळे मिळून एक अंडे. पण कवच म्हणजे अंडे नव्हे. कवच कोणी खात नाही. आयर्लंडच्या संत पॅट्रिकने तीन पानांच्या शॅमरॉकचे रोपटे दाखवून त्रैक्य शिकवले, ही कथाही याच जातीची. तिच्याबद्दल मुलांना खरे सांगायला हवे. पॅट्रिक पाचव्या शतकातला, त्याचे स्वतःचे लेखन आज उपलब्ध आहे आणि त्यात शॅमरॉकचा उल्लेख नाही. ही कथा लेखी स्वरूपात अठराव्या शतकात, 1726 साली कॅलेब थ्रेल्केल्डच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात आढळते. तीन आणि एक एकत्र दिसू शकतात हे दाखवायला ते पान पुरते, पण एक पर्ण म्हणजे सबंध पान नव्हे. अंडे मात्र वर्गातून कायमचे बाहेर ठेवलेले बरे. त्यातून टिकणारे काहीच मिळत नाही आणि चित्र मात्र डोक्यातून जात नाही.

सूर्याचा दाखला वेगळ्या योग्यतेचा आहे. इतर बहुतेक दाखले शिक्षकांच्या सोयीतून आले. हा एका मोठ्या झगड्यातून तावूनसुलाखून आला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात चौथ्या शतकात आरियस नावाचा धर्मगुरू शिकवू लागला की पुत्र श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता असाही एक काळ होता. त्याने आपले म्हणणे गाण्यांतून खलाशांपर्यंत आणि दळण दळणाऱ्यांपर्यंत पोहोचवले, असे जुना इतिहासकार सांगतो. या प्रश्नावर 325 साली निकेया येथे बिशपांची परिषद भरली आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे तिने ठरवले. परिषदेच्या मतांगीकारात प्रकाशापासून आलेला प्रकाश ही प्रतिमाही आली.

पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथनासियसने ही प्रतिमा नीट उलगडली. सूर्य आहे आणि त्याचे तेज अजून नाही, असा क्षण कल्पिता येतो का? तेज सूर्यापासून येते, सूर्य तेजापासून येत नाही. म्हणजे क्रम आहे. पण त्या क्रमात आधी आणि नंतर नाही. बाप आधी, मुलगा नंतर, हा आपला रोजचा अनुभव. येशूला ‘पुत्र’ म्हटले की मूल तोच अनुभव देवावर लावते आणि पित्याला वयाने मोठा करते. ती गाठ सोडवायला सूर्याइतका चांगला दाखला नाही. पुत्र पित्यापासून आहे, आणि तरी तो नव्हता असा काळ नाही, हे अवघड वाक्य त्यातून डोळ्यांना दिसते.

आणि मग तो तुटतो. मुलांना विचारावे: किरण म्हणजे सूर्य का? खिडकीतून आलेले ऊन अंगावर पडते तेव्हा सूर्य खोलीत आलेला नसतो. सूर्यापासून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात, म्हणजे आपल्याला भेटलेला किरण सूर्याला केव्हाच सोडून आलेला असतो. किरण हे सूर्याचे फळ आहे, त्याहून उणे आहे. म्हणजे ज्या आरियसला उत्तर द्यायला हा दाखला पुढे आला, तो जरा ताणला की त्याच आरियसच्या बाजूने बोलू लागतो. ‘सूर्य, प्रकाश आणि उष्णता’ अशी त्रयी केली तर आणखी एक अडचण उभी राहते. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते तीही किरणोत्सर्गानेच, दृश्य प्रकाश हा त्याचाच एक पट्टा. मग पुत्र आणि आत्मा यांत फरक उरला तो तरंगलांबीचा! शिवाय सूर्य आपल्या तेजावर प्रेम करत नाही, तेज सूर्याला हाक मारत नाही. यार्देनकाठी मात्र पिता पुत्राबद्दल बोलतो, आपला संतोष सांगतो. दाखल्यात ‘काय’ आहे; ‘कोण’ कुठेच नाही.

ही उणीव भरायची तर व्यक्तींचा दाखला घ्यावा लागतो: तीन मित्र, किंवा आई, वडील आणि मूल. इथे प्रेम आहे, संवाद आहे, एकमेकांसाठी जगणे आहे. मधली तीन वाक्ये भक्कम उभी राहतात. धोका अर्थात सातव्या वाक्याला. तीन मित्र कितीही एकजीव असले तरी माणसे तीनच. हा प्रश्न कप्पदोकियातल्या निस्सा गावचा बिशप ग्रेगरी याला चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अब्लाबियस नावाच्या गृहस्थाने विचारला होता. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांचे मनुष्यपण एकच, तरी आपण तीन माणसे म्हणतो. मग पिता, पुत्र आणि आत्मा यांचे देवपण एक असेल तर तीन देव का म्हणू नये? प्रश्न अवघड आहे, हे ग्रेगरीने मोकळेपणाने मान्य केले आणि त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला.

त्याच्या उत्तराचा गाभा कामाशी जोडलेला आहे. तीन शेतकरी एकच व्यवसाय करतात, पण प्रत्येकाचा नांगर आपल्या शेतात चालतो. तीन वक्ते असतील तर प्रत्येकाचे भाषण वेगळे असते. म्हणून त्यांना तीन म्हणायचे. देवाचे कार्य असे वाटलेले नाही. प्रत्येक कृती पित्यापासून सुरू होते, पुत्राद्वारे पुढे जाते आणि आत्म्यात पूर्ण होते, आणि ती तीन कृत्ये नसून एकच असते. क्रिकेटच्या संघात ध्येय एक असले तरी झेल कोणी तरी एकच घेतो. तिथे एकी आहे ती सहकार्याची. ग्रेगरी ज्या एकीबद्दल बोलतो ती सहकार्याच्या अलीकडची आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हे पूर्ण उमगेलच असे नाही. पण संघाचा दाखला कुठे अपुरा पडतो, हे त्याला नक्की कळते.

कुटुंबाच्या दाखल्यात आणखी एक साधी अडचण असते. मूल जन्मण्यापूर्वीही आईवडील असतात. म्हणजे सूर्याने सोडवलेली काळाची गाठ इथे पुन्हा बसते.

महाराष्ट्रातल्या वर्गात इथे एक वेगळा प्रश्न हमखास येतो: ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यासारखेच का हे? दत्ताच्या तीन शिरांसारखे? मित्रांच्या घरी दत्तजयंती पाहिलेल्या मुलाने हे विचारणे स्वाभाविक आहे, आणि त्याला दटावून गप्प करणे चूक. उत्तर आदराने आणि नेमके द्यावे. दत्ताची किंवा त्रिमूर्तीची संकल्पना तिच्या परंपरेत, तिच्या अर्थाने समजून घ्यायची असते. तिला त्रैक्याची अपुरी आवृत्ती ठरवणे दोन्ही श्रद्धांवर अन्याय करते. फरक दाखवायचा तो कामाच्या वाटणीचा. त्रिमूर्तीच्या प्रचलित मांडणीत उत्पत्ती, स्थिती आणि लय ही कार्ये तिघांकडे वाटलेली आहेत. त्रैक्यात तशी वाटणी नाही. आणि इथे ख्रिस्ती शिक्षकाने स्वतःच्या वर्गाकडेही पाहावे, कारण ‘पिता निर्माण करतो, पुत्र तारतो, आत्मा पवित्र करतो’ हे वाक्य आपणही सहज शिकवतो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाचा आत्मा जलांवर आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी सर्व काही शब्दाच्या द्वारे झाले असे सांगितले आहे. निर्मिती तिघांची आहे. वाटणीचे वाक्य पाठ करायला सोपे, पण तेवढेच शिकवले तर मुलाच्या मनात तीन खात्यांचे तीन प्रमुख बसतात.

मोठ्या मुलांसाठी, सोळा-सतरा वर्षांच्या, आणखी एक वाट आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पंधरा भागांचा ग्रंथ लिहून त्रैक्याची छाया माणसाच्या मनात शोधली. तो ग्रंथ पुरा व्हायला त्याची वीसेक वर्षे गेली. मन स्वतःला स्मरते, स्वतःला जाणते आणि स्वतःवर प्रेम करते. स्मरण, जाणीव आणि इच्छा एकमेकांत पूर्ण भिनलेल्या असतात. त्यांना कापून वेगळे करता येत नाही आणि त्या एकच आहेत असेही म्हणता येत नाही. अंड्याच्या आणि पानाच्या दाखल्यातली तुकड्यांची चूक इथे होत नाही. पण ऑगस्टीनने शेवटच्या भागात स्वतःच याच्या मर्यादा सांगितल्या. स्मरणशक्ती ही कोणी व्यक्ती नाही, ती एका माणसाची शक्ती आहे. शिवाय माणसात स्मरणाचे काम जाणीव करत नाही. पण पिता म्हणजे नुसते स्मरण आणि आत्मा म्हणजे नुसते प्रेम, असे देवाबद्दल म्हणता येणार नाही. तिन्ही व्यक्तींत तिन्ही पूर्ण आहेत.

भारतीय ख्रिस्ती विचारात याला समांतर एक प्रयत्न झाला. केशवचंद्र सेन यांनी 1882 साली कलकत्त्यात त्रैक्यावर व्याख्यान दिले आणि सत्, चित्, आनंद या परिचित त्रयीशी त्याची सांगड घातली. पुढे कॅथलिक झालेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1898 साली सच्चिदानंदाला उद्देशून संस्कृत स्तोत्र रचले. भारतातल्या चर्चमध्ये ते आजही गायले जाते. मराठी मुलाच्या कानाला हे शब्द आयर्लंडच्या पानापेक्षा कितीतरी जवळचे आहेत, आणि ते वापरावेत. तुटण्याची जागा ऑगस्टीनच्या दाखल्याचीच: सत्, चित् आणि आनंद हे एकाच परमतत्त्वाचे स्वरूप सांगतात. ते एकमेकांना ‘तू’ म्हणत नाहीत.

एवढे दाखले एका तासात मावत नाहीत आणि मावू देऊही नयेत. पाऊण तासाच्या वर्गाला दोन पुरतात, आणि ते विरुद्ध बाजूंना तुटणारे असावेत. पाणी आणि तीन मित्र ही जोडी चांगली. पाण्यात तीनपण हरवते, मित्रांत एकपण. पुढच्या आठवड्यात एकट्या सूर्याला सबंध तास द्यावा. मुलांनी स्वतःचे दाखले आणले तर फारच चांगले. मोबाइल, त्याचा आवाज आणि त्याचे चित्र. तीन तारांचा एक सूर. एकच खोली उजळणाऱ्या तीन समया. प्रत्येकाला एकच प्रश्न: सातांपैकी कोणते वाक्य पडले?

शिकवलेले कितपत पोहोचले, हे कळायलाही सोपी रीत आहे. आठवड्याभराने मुलांना दाखला विचारू नये, बागेतला प्रसंग विचारावा: गेथशेमानेत येशू कोणाशी बोलत होता? ‘स्वतःशीच’ असे उत्तर आले तर पाणी डोक्यात अडकले आहे. ‘त्याच्याहून मोठ्या देवाशी’ असे आले तर सूर्याचा किरण अडकला आहे. ‘दुसऱ्या देवाशी’ असे आले तर तीन मित्र अडकले आहेत. ‘पित्याशी, पण दोघे एकच देव आहेत, आणि ते कसे ते मला नीट सांगता येत नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते मूल शिकवणीच्या अगदी जवळ आहे. यातला शेवटचा भाग चुकीचा म्हणून कापू नये.

कारण ज्यांनी या शिकवणीला आकार दिला त्यांच्यापैकी एकाने जाहीरपणे जवळजवळ हेच सांगितले. नाझियान्झसचा ग्रेगरी 380 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये पवित्र आत्म्यावर व्याख्यान देत होता. शेवटाकडे येताना त्याने श्रोत्यांना सांगितले की आपण पुष्कळ शोधले, पण या विषयाला पुरेल असा दाखला सापडला नाही. झरा आणि नदी, सूर्य आणि किरण, सगळे त्याने एकेक करून तपासले, प्रत्येकात काय बिघडते ते सांगितले आणि ते बाजूला ठेवले. पुढच्याच वर्षी त्या शहरात दुसरी मोठी परिषद भरली. तिच्या नावाने चर्चमध्ये आजही म्हटल्या जाणाऱ्या मतांगीकारात पवित्र आत्म्याबद्दलचा भाग विस्ताराने आला, आणि त्या भागात एकही दाखला नाही. आत्म्याची पिता आणि पुत्र यांच्यासह उपासना केली जाते, असे तिथे सरळ म्हटले आहे.

धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्यांनी म्हणून एवढे करावे. दाखला देऊन झाला की तास तिथेच संपवू नये. फळ्यावरची सात वाक्ये न पुसता शेवटची दहा मिनिटे मुलांना द्यावीत, आणि आपण दिलेला दाखला त्यांच्या हातून आपल्या डोळ्यांदेखत मोडू द्यावा.